घरच्या प्रिंटरवर पेन्शनचा पहिला कागद

प्रश्न: माझे आजोबा ७८ वर्षांचे आहेत, पेन्शनचे कागद स्वतः प्रिंट करायला शिकायचंय म्हणतात. घरात प्रिंटर आणि लॅपटॉप आहे. कुठून सुरुवात करू? मी पटकन चिडतो, ही पण एक अडचण आहे.

मी तुमच्या आजोबांच्या बाजूचा माणूस आहे. वय ७४, भांडुपला राहतो, कारखान्यात टर्नर होतो, आता ईपीएस-९५ ची पेन्शन घेतो. मला हे सगळं माझ्या नातीने शिकवलं, ती कॉलेजला आहे. त्यामुळे शिकवणाऱ्याने काय केलं की शिकणाऱ्याच्या डोक्यात बसतं ते सांगू शकतो.

आधी हे सगळे कागद स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे व्हायचे. फाइल त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची, तो प्रिंट काढून द्यायचा, आणि आपली फाइल, त्यात नाव, पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा म्हणजे पीपीओचा नंबर, सगळं, त्याच्या कॉम्प्युटरवर तशीच पडून राहायची. नातीला हे अजिबात आवडायचं नाही. म्हणाली, आबा, घरात प्रिंटर आहे, तुम्हीच काढायचं, मी बाजूला बसते.

आणि खरंच बाजूलाच बसली, माऊसला हात लावला नाही. तुम्हाला एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. मुलगा शिकवायचा तेव्हा "द्या इकडे" म्हणून माऊस घ्यायचा, चार क्लिक व्हायचे, कागद बाहेर यायचा आणि मला काय कळलं तर काहीच नाही. नात विचारायची, "आबा, आत्ता स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा, मग काय दाबायचं ते ठरवू." मी वाचायचो, ती थांबायची. वाचता वाचता निम्म्या वेळा उत्तर समोरच दिसायचं.

दुसरी गोष्ट, तिने पेन्शनच्या कागदाने सुरुवातच केली नाही. सोसायटीच्या मेंटेनन्सचं बिल मेलवर येतं, ते पीडीएफ घेतलं आणि कागद पाठकोरे. कारखान्यात महागाच्या मटेरियलवर जॉब लावायच्या आधी आम्ही भंगारातल्या तुकड्यावर एक कट घेऊन बघायचो, तसंच हे, त्यामुळे मला लगेच पटलं. बिल बिघडलं तर बिघडलं, छातीत धडधड नाही.

पाठकोरा कागद घातला की पहिला प्रश्न येतो तो म्हणजे प्रिंट कुठल्या बाजूला येणार. तिने सांगितलं नाही. कागदाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली मारायला लावली, तसाच ट्रेमध्ये ठेवायला लावला आणि म्हणाली, बघू फुली कुठे येते ते. आमच्या प्रिंटरला कागद मागून उभा लागतो, त्यात जी बाजू आपल्याकडे तोंड करून असते तिच्यावर छापलं जातं. ज्यांचा ट्रे खाली पुढच्या बाजूला असतो त्यांच्यात बहुतेक वेळा खालच्या बाजूला छापतं. तुमच्या प्रिंटरचं काय ते फुली सांगेल, आणि एकदा स्वतः बघितलं की माणूस विसरत नाही.

मग Ctrl+P. आम्ही पीडीएफ क्रोममध्ये उघडतो, तिथे प्रिंटची खिडकी येते, डावीकडे पानाचं चित्र आणि उजवीकडे सगळे पर्याय. सगळ्यात वर Destination असतं आणि तिथे पुष्कळदा प्रिंटरचं नाव नसतं, Save as PDF असतं. मग खालच्या निळ्या बटणावर Print ऐवजी Save लिहिलेलं असतं, ते दाबलं की फाइल पुन्हा सेव्ह होते आणि प्रिंटर गप्प. म्हातारा माणूस समजतो प्रिंटर बिघडला. म्हणून नातीने नियम घालून दिला, बटण दाबायच्या आधी त्याच्यावरचा शब्द वाचायचा. Save असेल तर वर जाऊन Destination मध्ये आपल्या प्रिंटरचं नाव निवडायचं.

Print दाबल्यावर लगेच काही होत नाही. बराच वेळ बंद असलेला प्रिंटर आधी आतल्या आत घरघर करतो, मग कागद ओढतो. या मधल्या वेळात परत Print दाबायचा मोह होतो, आणि जितक्या वेळा दाबाल तितक्या कॉप्या रांगेत लागतात. नात म्हणाली, "आबा, आता दोन्ही हात मांडीवर. कागद येईपर्यंत काही दाबायचं नाही." इतकं साधं पण तेच लागतं, कारण आम्हा लोकांना वाटतं आपण दाबलेलं मशीनला कळलं नाही.

बिल आलं. मी खूश. ती म्हणाली, स्क्रीनवरची शेवटची ओळ वाचा, आता कागदावरची वाचा. स्क्रीनवर खाली खजिनदाराच्या नावाची ओळ होती, कागदावर ती नव्हतीच. का गेली ते पण तिने सांगितलं नाही, More settings उघडायला लावलं आणि Paper size वाचायला लावलं. तिथे Letter होतं, आणि आपण कागद आणतो तो A4. मी उठून स्टीलची पट्टी आणली, ती अजून जपून ठेवलीय. A4 मोजला तर २१० बाय २९७ मिलिमीटर, आणि Letter म्हणजे साधारण २१६ बाय २७९, ते अमेरिकेतलं माप. म्हणजे उंचीला १८ मिलिमीटर कमी. मशीन समजतंय कागद आखूड आहे, मग ओळ छापणार कुठे. मिलिमीटरमध्ये कळलं ना, की माझ्यासाठी विषय संपला. A4 केलं, त्याच्या खाली Scale मध्ये Fit to paper ठेवलं, पूर्ण बिल आलं. तुमच्या आजोबांचं जे काही काम होतं, बँक, शिवणकाम, शाळा, काहीही, त्यातलीच भाषा वापरून बघा.

हे सगळं पाठकोऱ्यावर जमल्यावर मग कोरा कागद आणि जीवन प्रमाण.

जीवन प्रमाण म्हणजे आपला ऑनलाइन हयातीचा दाखला, २०१४ पासून आहे. चेहरा किंवा बोटाचा ठसा देऊन दाखला झाला की मोबाइलवर मेसेज येतो, त्यात प्रमाण आयडी असतो. jeevanpramaan.gov.in वर पेन्शनर लॉगिनमध्ये तो आयडी टाकायचा, मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की दाखल्याचं पीडीएफ डाउनलोड करता येतं. इथे दोन गोष्टी. फोन शिकणाऱ्याच्याच हातात असू दे, ओटीपी त्याने वाचायचा आणि त्यानेच टाकायचा, आणि तो फोनवरून कुणालाही सांगायचा नाही हे त्याच बैठकीत सांगून टाका, वेगळं लेक्चर नको. दुसरं, फाइल Downloads मध्ये पडते आणि तिचं नाव काहीतरी आकड्यांचं असतं, ते शोधण्यात आमच्या वयाच्या माणसाचा जीव जातो. नातीने लगेच राइट क्लिक करून नाव बदलायला लावलं, jeevan pramaan आणि वर्ष, आणि डेस्कटॉपवर "आबा पेन्शन" नावाच्या फोल्डरमध्ये टाकायला लावलं.

एक सांगतो, हा दाखला पेन्शन देणाऱ्या ऑफिसकडे ऑनलाइनच जातो, प्रिंट नेऊन द्यावी लागत नाही. मग प्रिंट कशाला? तर वाचायला. स्क्रीनवर मी भरभर पुढे जातो, कागदावर बोट ठेवून वाचतो. नाव, पीपीओ नंबर, पेन्शन देणाऱ्या ऑफिसचं नाव, एकेक ओळ मी जुन्या पीपीओच्या कागदाशी ताडून बघितली आणि नात समोर बसून मोठ्याने वाचत होती. यातलं काही चुकलेलं असेल तर दाखला नामंजूर होऊ शकतो, मग नवीन काढावा लागतो आणि त्याचा प्रमाण आयडी पण नवीन असतो, जुना चालत नाही. पेन्शन थांबल्यावर कळण्यापेक्षा त्याच दिवशी कळलेलं बरं. आमच्या ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरचं बंधन नाही, दाखला दिल्यापासून वर्षभर चालतो, म्हणून मी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पुढच्या वर्षीची तारीख पेनने लिहून ठेवतो. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना नोव्हेंबरात द्यावा लागतो, आणि ८० च्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो.

ताडताना अजून एक लक्षात आलं, पहिल्या प्रिंटवर आकड्यांतून बारीक पांढऱ्या आडव्या रेघा गेल्या होत्या, पीपीओतला ८ आहे की ० ते कळेना. शाईचा प्रिंटर महिनोन् महिने बंद राहिला की शाई तोंडाशी सुकते. प्रिंटरच्या मेंटेनन्समध्ये Nozzle check असतं, ते छापलं की तुटक्या रेघा दिसतात, मग एकदा Cleaning करून परत चेक करायचं. उगाच सारखं क्लीनिंग करू नका, त्यात शाई जाते. आठवड्यातून एखादं पान छापत राहिलं की ही वेळच येत नाही. आणि आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात कागदाचा गठ्ठा उघडा ठेवू नका, ओल धरून कागद वाकतो आणि एकाला एक चिकटून दोन-दोन आत जातात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, घालायच्या आधी गठ्ठा फडफडवून घ्या.

नातीने वही माझ्याच हाताने लिहायला लावली, मराठीत, पण बटणावरचे शब्द जसे स्क्रीनवर दिसतात तसेच इंग्रजीत. "प्रिंटरचं नाव निवडा" असं नाही, "Destination बघ" असं. दुसऱ्या वेळी ती बाहेरच्या खोलीत अभ्यास करत बसली आणि मी वही घेऊन एकट्याने काढलं, अडलो तर हाक मारायची असं ठरलं होतं. तुमची चिडचिड होते म्हणता ना, तर तुम्ही पण हेच करा, पहिल्यांदा बाजूला बसा आणि नंतर खोलीबाहेर, पण हाकेच्या अंतरावर.

राहिला मूळ पीपीओ. तो जुना असेल तर बहुतेक फुलस्केप किंवा लीगल मापाचा असतो, A4 पेक्षा लांब, आणि घरच्या स्कॅनरच्या काचेवर पूर्ण मावत नाही, खालचा सहीशिक्क्याचा भाग बाहेर राहतो. लीगल कागद ३५६ मिलिमीटर लांब, तो A4 वर बसवायचा तर साधारण ८३ टक्क्यांवर आणावा लागतो, पण घरच्या काचेवर मूळ कागदच पूर्ण येत नसल्याने टक्के कमी करून उपयोग नाही. एवढी एक झेरॉक्स मी अजून बाहेरच काढतो, मोठ्या काचेच्या मशीनवर, समोर उभं राहून, फाइल कुणाला न पाठवता, आणि मूळ कागद परत पिशवीत गेल्याशिवाय काउंटर सोडत नाही.