प्रीप्रिंटचा रजिस्टर्ड रिपोर्ट करताना

प्रश्न: मडगावातल्या ३४ कोकणी-मराठी विद्यार्थ्यांना आम्ही मराठी शब्द दाखवले. दोन्ही भाषांत असलेले शब्द (घर) हे फक्त मराठीतल्या शब्दांपेक्षा (कुत्रा, कोकणीत सुणें) सरासरी ३० मिलिसेकंद आधी ओळखले गेले. प्रीप्रिंट टाकलाय. आता त्याचा रजिस्टर्ड रिपोर्ट कसा करू?

उत्तर: आधी कडू घोट. या ३४ जणांचे निकाल तुम्ही पाहिलेत, त्यामुळे मुख्य पुरावा म्हणून ते चालणार नाहीत. रजिस्टर्ड रिपोर्टमध्ये जर्नल आधी नुसती प्रस्तावना आणि पद्धत तपासतं, ते स्टेज वन; त्याची तत्त्वतः स्वीकृती मिळते ती निकाल हाती येण्याआधी. तेव्हा जुना प्रयोग 'पायलट' म्हणून आत घ्या आणि नवे विद्यार्थी शोधा. चर्चेचा भाग जवळजवळ सगळा जाईल. त्यातले तपासता येण्यासारखे दावे तेवढे गृहीतकं म्हणून प्रस्तावनेत आणा.

खरी मेहनत नमुन्याच्या आकड्यात आहे. समजा तुमच्या फरकांचं प्रमाण विचलन ६० आहे, म्हणजे ३० भागिले ६०, परिणाम ०.५. त्यावर ९० टक्के पॉवरला ४४ जण पुरतात, आणि इथेच मोह होतो. पण छोट्या नमुन्यात जो परिणाम उठून दिसला तो बहुधा फुगलेला असतो. म्हणून उलट विचारा: किती मिलिसेकंदांखालचा फरक तुमच्या सिद्धान्ताला निरर्थक? उत्तर १८ असेल तर परिणाम ०.३:

```r
power.t.test(delta=18, sd=60, power=0.9,
             type="paired")
```

११८.७ येतं, म्हणजे ११९ जण. हे ११९ वगळणुकीनंतर उरलेले, हे प्रोटोकॉलमध्ये स्पष्ट लिहा.

वगळणुकीवरून माझा पहिलाच स्टेज वन परत आला होता. मी लिहिलं होतं, "टोकाच्या वेळा योग्य निकषाने काढू." परीक्षकाने विचारलं, योग्य कोण ठरवणार, निकाल बघून तुम्हीच ना? मग लिहिलं: २०० मिलिसेकंदांखालचे आणि २५०० वरचे प्रतिसाद बाद, अचूकता ८० टक्क्यांखाली असलेला विद्यार्थी बाद, त्याच्या जागी नवा. तुमच्या प्रीप्रिंटमध्ये "काही सहभागी वगळले" असं वाक्य असेल तर तिथेच हात घाला. दुसऱ्या कुणी तुमचं वाक्य वाचून तोच डेटा हाताळला तर तेच विद्यार्थी बाद झाले पाहिजेत.

फरक सापडला नाही तर काय म्हणणार, तेही आत्ताच ठरवा. "p ०.०५ च्या वर, म्हणून परिणाम नाही" हे चालत नाही. त्यासाठी ±१८ च्या मर्यादेत समतुल्यता चाचणी लावा. पुढे डेटा बघताना सुचलेलं विश्लेषण स्टेज टूमध्ये, म्हणजे निकालांसह पाठवायच्या लेखात, घालता येतं, फक्त 'शोधात्मक' या वेगळ्या मथळ्याखाली. प्रस्तावना आणि पद्धत मात्र काळ बदलण्यापलीकडे हलत नाही.

एथिक्स कमिटीची मंजुरी आधी घ्या. आणि परीक्षणाला महिने जातात, तेव्हा चवथीच्या सुट्टीत विद्यार्थी गावी गेल्यावर स्वीकृती हातात पडेल असं वेळापत्रक आखू नका. आमचं एक सत्र तसंच वाया गेलं.