क्रिएटिन, कॅन आणि शनिवारची रात्र

"ताई, मी जिमसाठी रोज क्रिएटिनची पूड घेतो. नाइट शिफ्टला एनर्जी ड्रिंकचे दोन कॅन लागतातच आणि शनिवारी मित्रांबरोबर बसणं होतं. जिममधले म्हणतात, दारू पिणाऱ्यानं क्रिएटिन घेतलं की किडनी जाते, आणि कॅफिन घेतलं तर क्रिएटिन वाया जातं. आता माझ्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं आलंय. क्रिएटिन बंद करू का?"

हे विचारणारा मुलगा २७ वर्षांचा, वजन ७२ किलो, चाकणच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारा. आला तेव्हा एका हातात रिपोर्ट आणि दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत क्रिएटिनचा डबा, व्यायामाआधी घ्यायच्या प्री-वर्कआउट पुडीचं पाकीट आणि त्या रात्रीच्या शिफ्टसाठी घेतलेला एक कॅन. रिपोर्ट मी बाजूला ठेवला आणि म्हटलं, "रोज घेतोस तसं आत्ता करून दाखव."

त्यानं कॅन फोडला, दोन घोट प्यायला आणि चहाचा चमचा शीग लावून भरून क्रिएटिन थेट कॅनमध्ये टाकलं. फसफसून फेस वर आला आणि माझ्या टेबलावर सांडला. "रोज असंच होतं," तो म्हणाला. कॅन संपल्यावर मी तो उपडा केला. तळाशी चिकटलेली रेतीसारखी पूड टिश्यूवर पडली. म्हणजे काही फेसाबरोबर जात होतं, काही तळाशी राहत होतं. मग तसाच एक चमचा स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर ठेवला. ९ ग्रॅम भरलं. त्याची समजूत होती ५ ग्रॅमची. प्री-वर्कआउटच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचलं, तर एका स्कूपमध्ये २०० मिलिग्रॅम कॅफिन आणि वर ३ ग्रॅम क्रिएटिन. हे त्याच्या गावीही नव्हतं.

एनर्जी ड्रिंक आंबट असतं आणि आंबट द्रवात क्रिएटिन हळूहळू मोडून त्याचं क्रिएटिनिन बनतं, हे खरं आहे. पण त्याला दिवस लागतात. कालवून लगेच प्यायलं तर नुकसान नगण्य. सकाळी कालवून रात्रीपर्यंत बाटलीत ठेवू नये, इतकंच.

क्रिएटिनचं काम आधी समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. ते चहासारखं घेतल्याबरोबर चढत नाही. स्नायूत त्याचा साठा असतो, आणि जड वजन उचलताना पहिल्या काही सेकंदांत लागणारी ताकद त्या साठ्यातून भरून निघते. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं की तीन-चार आठवड्यांत साठा भरतो. पूर्ण बंद केलं तरी तो मूळ पातळीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे शनिवारच्या तीन पेगांनी महिनाभराचं क्रिएटिन धुऊन जात नाही. एक दिवस राहिलं तरी काही बिघडत नाही.

मग कॅफिनमुळे वाया जातं, ही गोष्ट आली कुठून? १९९६ साली बेल्जियममधल्या लूव्हेनच्या संशोधकांनी काही जणांना नुसतं क्रिएटिन दिलं, तर काहींना त्याबरोबर वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅफिन. स्नायूतला साठा दोन्हीकडे सारखाच वाढला, पण कॅफिन घेणाऱ्यांत ताकदीचा फायदा दिसला नाही. पुढे त्याच गटानं दाखवलं की आकुंचनानंतर स्नायू सैल व्हायला लागणारा वेळ क्रिएटिन कमी करतं आणि कॅफिन वाढवतं. त्यानंतरच्या सगळ्याच प्रयोगांनी मात्र याला दुजोरा दिलेला नाही. काहींत क्रिएटिनचा साठा भरल्यावर व्यायामाआधी घेतलेल्या कॅफिननं फायदाच झाला. मी याचा अर्थ असा लावते की दिवसाच्या दोन कप चहा-कॉफीनं क्रिएटिन मारलं जात नाही. पण ७२ किलोच्या माणसाला तो बेल्जियमचा डोस ३६० मिलिग्रॅम पडतो, आणि आमचा हा गडी त्याच्याही पुढे गेला होता.

त्याला मी आठ दिवस वहीत लिहायला लावलं. नाइट शिफ्टच्या एका दिवसाचा हिशोब असा निघाला. संध्याकाळी सातला जिमच्या आधी प्री-वर्कआउटचं २०० मिलिग्रॅम. आपल्याकडे एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं, म्हणजे २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ७५. रात्री एकला एक आणि पहाटे चारला एक, असे १५०. कँटीनचे चार चहा धरले तर आणखी शंभरेक. बेरीज ४५० च्या आसपास. निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाला ४०० ही वरची रेघ मानतात. शिवाय कॅफिन शरीरातून निम्मं कमी व्हायलाच साधारण पाच तास लागतात. शिफ्ट सुटून सकाळी नऊला तो अंथरुणावर पडायचा, तेव्हा चारच्या कॅनमधलं निम्मं कॅफिन अंगातच असायचं. वहीत झोपेच्या रकान्यात "४ तास", "साडेतीन", "झोप नाही" असं लिहिलेलं होतं. वजनं दोन महिन्यांपासून पुढे सरकत नाहीत म्हणून तो क्रिएटिनला दोष देत होता!

आता दारू. क्रिएटिन आणि दारू एकत्र घेतल्यानं किडनी जाते, असं निरोगी माणसांत दिसलेलं नाही. ज्याला किडनीचा आजार आधीपासून आहे, त्यानं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रिएटिनला हात लावू नये. दारूचं नुकसान वेगळ्या वाटेनं होतं. २०१४ साली ऑस्ट्रेलियात आठ तरुणांवर एक प्रयोग झाला. जोरदार व्यायामानंतर त्यांना किलोमागे दीड ग्रॅम अल्कोहोल दिलं. नुसत्या प्रोटीनच्या तुलनेत, प्रोटीन घेऊन वर दारू प्यायल्यावर स्नायू बांधण्याचा वेग २४ टक्के कमी झाला. प्रोटीन न घेता दारू प्यायल्यावर घट ३७ टक्के. आपल्या भाषेत सांगायचं तर ६० मिलिच्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे त्याच्या वजनाला हा डोस पाच पेगांच्या थोडा वर. "आम्ही तीनच घेतो," तो म्हणाला. वहीत मागच्या शनिवारी पाच होते. तीन पेगांचा परिणाम किती, हे त्या प्रयोगावरून सांगता येत नाही, आणि मी ओढूनताणून सांगितलंही नाही. पण त्याचा लेग डे, म्हणजे पायांच्या व्यायामाचा दिवस, शनिवारी संध्याकाळी असायचा आणि दोन तासांनी बैठक. आठवड्यातला सगळ्यात जड व्यायाम आणि सगळ्यात जड पिणं एकाच रात्री.

त्याच पानावर खाली त्यानं लिहिलं होतं, "व्होडका + कॅन ३. रात्री २ ला छातीत धडधड." विचारल्यावर कळलं की तो गच्चीवर तासभर बसून होता, आणि त्याआधी मित्राला मागे बसवून गाडी चालवत घरी आला होता. "चढलीच नव्हती ना, ताई." हेच तर दुखणं आहे. कॅफिननं रक्तातली दारू थेंबभरही कमी होत नाही, फक्त पेंग मरते. माणसाला आपण शुद्धीत आहोत असं वाटतं, तो आणखी पितो आणि गाडीवर बसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१० मध्ये कॅफिन घातलेली दारू विकणाऱ्या चार कंपन्यांना नोटिसा दिल्या त्या याच कारणासाठी. त्या रात्रीच्या धडधडीत क्रिएटिनचा हात मला दिसला नाही. धडधडीबरोबर छातीत दुखलं, भोवळ आली किंवा ठोके चुकायला लागले तर गच्चीवर बसायचं नाही, दवाखाना गाठायचा, हे मी त्याला दोनदा सांगितलं. लघवी कोकसारखी काळपट झाली तरीही तसंच.

मग शेवटी रिपोर्ट. क्रिएटिनिन १.३८, लॅबची मर्यादा १.३. लिव्हरच्या तपासणीतले आकडेही वर, एसजीओटी ८८, एसजीपीटी ६१. रक्त कधी दिलं? सोमवारी सकाळी. म्हणजे शनिवारचा लेग डे, शनिवारचीच बैठक आणि रोजचं १२ ग्रॅम क्रिएटिन, सगळं त्या एका नळीत. क्रिएटिनिन हा क्रिएटिन मोडून तयार होणारा पदार्थ आहे. किडनी तो बाहेर टाकते, म्हणून त्यावरून किडनीचं काम जोखतात. खाल्लेलं वाढलं की किडनी धडधाकट असतानाही आकडा थोडा वर सरकू शकतो. एसजीओटी लिव्हरप्रमाणे स्नायूंतही असतं आणि जड स्क्वॉट्सनंतर काही दिवस वाढलेलं राहतं. पण "म्हणजे काही नाही" हे म्हणण्याचा अधिकार माझा नाही. मी चिठ्ठी लिहून त्याला फिजिशियनकडे पाठवलं. त्यांनी दोन आठवडे क्रिएटिन बंद ठेवायला लावलं, शेवटचा आठवडा व्यायाम आणि दारूही नाही, आणि मग पुन्हा रक्त घेतलं. या वेळी स्नायूंची झीज दाखवणारं सीपीके, लिव्हरचं जीजीटी, सिस्टॅटिन सी आणि साधी लघवीची तपासणीही. सिस्टॅटिन सी हा किडनीचा असा मापदंड आहे की त्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही.

क्रिएटिनिन १.०८ आलं. सिस्टॅटिन सी, सीपीके, लघवी सगळं ठीक. एसजीओटी ३१. एकच आकडा वर आला, जीजीटी ८२. व्यायामानं जीजीटी वाढत नाही. दारूनं वाढतं, आणि पिणं थांबवलं तरी खाली यायला काही आठवडे घेतं. फॅटी लिव्हरमध्येही वाढू शकतं, म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. रिपोर्ट दाखवायला तो परत आला तेव्हा म्हणाला, "म्हणजे डब्याचा दोष नव्हताच?" मी जीजीटीवर पेन ठेवला. तो काही बोलला नाही.

डॉक्टरांच्या संमतीनं क्रिएटिन पुन्हा सुरू झालं. सपाट चमचा, काट्यावर ४ ग्रॅम, जेवणानंतर ग्लासभर पाण्यात. प्री-वर्कआउट बंद. कॅन एकच, तोही शिफ्टच्या सुरुवातीला, रात्री बाराच्या आत. लेग डे बुधवारी गेला. बैठक बंद करायला तो तयार नव्हता आणि मीही खोटं वचन मागितलं नाही. दोन पेग, सोबत जेवण, दारूत कॅन कधीच नाही आणि गाडीची किल्ली घरी, इतक्यावर ठरलं. दोन महिन्यांत ते एकदा मोडलं, हे त्यानंच सांगितलं. झोप मात्र सहा तासांवर गेली आणि बेंच प्रेसला पाच किलो वाढले. श्रेय झोपेचं की व्यायामाच्या बदललेल्या वेळेचं, मला ठरवता येणार नाही.

मागच्या शनिवारी रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला. मागे गाणी वाजत असणार, कारण व्हॉइस नोट न पाठवता टाइप केलं होतं. "ताई, आज क्रिएटिन घ्यायचं राहिलं. घरी जाऊन घेऊ का, की उद्या डबल?"

"दोन्ही नको. उद्या नेहमीचं ४ ग्रॅम," मी लिहिलं. "आणि घरी कसा जाणार आहेस?"

"रिक्षा."