जाहिरातीतले जेवण आणि अडकलेली अनामत

प्रश्न : वकीलसाहेब, आम्ही उमरग्याचे. मुलगी सोलापुरात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. जूनमध्ये पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुळे सोलापुरातल्या एका पीजीची जाहिरात आली : नाश्ता, दोन वेळचे घरगुती जेवण, महिला वॉर्डन, सीसीटीव्ही, चोवीस तास पाणी, जेवणासह 6,500, जेवणाविना 4,000. मी 13,000 अनामत भरली. 1 ऑक्टोबरपासून रात्रीचे जेवण बंद झाले, वॉर्डनबाई सोडून गेल्या, कॅमेऱ्याची वायर तर चपलांच्या रॅकमागे नुसतीच लोंबकळते. 18 नोव्हेंबरला मेसेज करून 30 तारखेला मुलीला हलवले. तोपर्यंतचे भाडे दिले आहे. मालकीणबाई म्हणतात, मुलीने सही केलेल्या कागदात एक महिन्याची नोटीस आणि मेअखेरपर्यंतचा बॉण्ड आहे, म्हणून अनामत जप्त, शिवाय सहा महिन्यांचे 39,000 द्या. सही करताना मुलगी सतरा वर्षांची होती. तिची कॉट डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात दुसरीला दिली आहे. काय करावे?

उत्तर : 39,000 रुपयांपैकी एक पैसाही आपण देऊ नये, आणि घाबरून "थोडेफार देतो" असा मेसेजही पाठवू नये, कारण उद्या तोच मेसेज कबुली म्हणून पुढे केला जाईल.

अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक असतो. ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली मोहरीबीबी प्रकरणात हे ठरवले आणि तोच कायदा आजही चालतो. त्यामुळे त्या कागदाच्या जोरावर मुलीकडून बॉण्ड वसूल होऊ शकत नाही. मात्र आपली सारी मदार या मुद्द्यावर ठेवू नका. करारच नव्हता असे म्हटले, तर समोरून "मग जेवणाचे वचन तरी कुठे होते?" असा प्रश्न येईल. पैसे आपल्या खात्यातून गेले, जाहिरात आपण वाचली आणि तिच्यावर विसंबून मुलीला तिथे ठेवले. म्हणजे व्यवहार आपला आणि मालकीणबाईंचा झाला, मुलगी त्या सेवेची लाभार्थी. ग्राहक आयोगातली तक्रार म्हणूनच आपल्या नावाने करावी.

समोरच्या बाजूचा पहिला बचाव बहुधा असा असेल की हा भाड्याचा वाद आहे, ग्राहक आयोगाचा नव्हे. नुसती खोली भाड्याने घेतली असती तर या बचावात बरेच बळ असते. परंतु ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येत निवास, भोजन किंवा दोन्हींची सोय स्पष्टपणे धरलेली आहे. नाश्ता, जेवण, वॉर्डन आणि राखण यांचा एकच दर लावून जे विकले जाते ती सेवा ठरते, आणि आपल्या जाहिरातीतला जेवणासह व जेवणाविना असा वेगवेगळा दर हा त्याचा उत्तम पुरावा आहे. तो दर ज्याने छापला त्याने आपले काम पुष्कळ सोपे केले आहे.

आता हिशेब मांडू. दोन दरांतील फरक 2,500 रुपये, म्हणजे महिन्याच्या खाण्याची किंमत मालकीणबाईंनी स्वतःच ठरवली आहे. रात्रीच्या जेवणाचा वाटा त्यात निम्मा धरला, तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मिळून 2,500 रुपये आपले परत निघतात. मुलीने त्या काळात खानावळीत दिलेल्या पैशांच्या यूपीआय नोंदी जोडल्या की आकडा हवेतला वाटत नाही. अनामतीबाबत भारतीय करार अधिनियमाचे कलम 74 पाहावे लागते. करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा. आणि नुकसान झालेच नसेल तर जप्तीही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात सांगितले आहे. महिन्याची नोटीस ग्राह्य धरली तरी ती 18 डिसेंबरला संपते. म्हणजे वाद उरतो डिसेंबरच्या 18 दिवसांचा, तोही जेवणाविना दराने, कारण ती तिथे जेवलेली नाही : सुमारे 2,300 रुपये. कॉट पहिल्याच आठवड्यात भरली असल्याने तेवढेही नुकसान दाखवता येणार नाही. आपली मागणी 13,000 अधिक 2,500, म्हणजे 15,500 रुपयांची असावी. तडजोडीची वेळ आली तर सोडायची रक्कम 2,300, त्याहून जास्त नाही.

पुराव्याबाबत हयगय करू नका. जाहिरातीचे चित्र ज्या मोबाइलवर आले तो मोबाइल जपून ठेवा, पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, आणि त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडा. लोंबकळणाऱ्या वायरीचा फोटो असल्यास फारच चांगले. तो नसेल तर तिथे राहणाऱ्या एखाद्या मुलीच्या पालकांचे शपथपत्र चालेल. "घरगुती" या शब्दावर वाद घालू नका, चव सिद्ध होत नाही. चोवीस तास पाण्याचा मुद्दाही मी सोडून देईन. सोलापुरात नळाला किती दिवसांआड पाणी येते हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि मालकीणबाई सारा दोष महापालिकेवर ढकलून मोकळ्या होतील. बंद पडलेले रात्रीचे जेवण, नसलेली वॉर्डन आणि न जोडलेला कॅमेरा, एवढ्या तीन गोष्टी पुरेशा आहेत.

पीजीतल्या मुलींचा स्वयंपाक पैसे घेऊन करणे हा अन्नव्यवसाय आहे, त्यासाठी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते आणि तिचा चौदा अंकी क्रमांक असतो. मालकीणबाईंना पैसे परत मागणारी जी नोटीस पाठवाल तिच्यात तो क्रमांक जरूर विचारा. मात्र "पैसे द्या, नाहीतर अन्न व औषध प्रशासनाकडे जाते" अशी भाषा लिहू नका. ती धमकी म्हणून आपल्यावरच उलटेल. तक्रार करायची असेल तर ती स्वतंत्रपणे करावी.

नोटीस स्पीड पोस्टाने, पोच मागवून, पंधरा दिवसांची मुदत देऊन पाठवा. उत्तर आले नाही तर तक्रार धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करा. 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेही दाद मागता येते, त्यासाठी सोलापूरला खेपा घालण्याची गरज नाही. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि e-jagriti.gov.in वरून तक्रार भरता येते. मुदत दोन वर्षांची आहे. फक्त तक्रारीत "करार अन्यायकारक असल्याने रद्द करावा" अशी मागणी लिहू नका, कारण 'अनुचित करार' हा विषय कायद्याने राज्य आयोगाकडे दिला आहे आणि त्या एका वाक्यापायी अधिकारक्षेत्राचा वाद उभा राहून महिने जातील. सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात, एवढीच शीर्षके ठेवा.

नोटीस मिळताच मालकीणबाई बहुधा फोन करतील आणि दहा-अकरा हजारांत मिटवू म्हणतील. 13,200 च्या खाली मान्य करू नका, पैसे रोख न घेता खात्यात घ्या, आणि त्यांच्याकडून "बॉण्डची कोणतीही रक्कम येणे नाही" असे लिहून घेऊन मुलीच्या सहीचा मूळ कागद परत मागून घ्या.