आजीच्या ओव्यांची १४० रेकॉर्डिंग : आधी कॉपी, मग कात्री

प्रश्न : "आयफोनच्या व्हॉइस मेमोमध्ये आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची १४० रेकॉर्डिंग आहेत, सगळ्यांची नावं New Recording 1, 2, 3 अशी. एकेका रेकॉर्डिंगमध्ये दहा-पंधरा ओव्या आहेत, मध्ये गप्पा, पंख्याचा आवाज. वेगवेगळ्या कशा करू, साफ कशा करू, नावं आणि बॅकअप कसा ठेवू? घरी विंडोज लॅपटॉप आहे, मॅक नाही. आयक्लाउड चालू आहे म्हणजे बॅकअप आहेच ना?"

शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला, म्हणून रात्री साडेअकराला टाइप करत बसलेय. मी साउंड इंजिनियर वगैरे नाही, आत्याच्या आणि गावातल्या बायकांच्या ओव्या गेली सहा-सात वर्षं गोळा करतेय एवढंच, आणि आयओएसच्या व्हर्जनप्रमाणे बटणं इकडेतिकडे होतात, तेव्हा तुमच्या फोनवर थोडं वेगळं दिसलं तर गोंधळू नका.

आज रात्री फक्त एकच करा, अॅपमधल्या एकाही रेकॉर्डिंगला Edit लावू नका. का ते सांगते.

२०२० ची दिवाळी. आत्या, तिची जाऊ आणि शेजारची एक म्हातारी, तिघींनी मिळून म्हटलेल्या ओव्यांचं ४७ मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं माझ्याकडे. मध्ये चहा आला तेव्हा साधारण एकविसाव्या ते सत्ताविसाव्या मिनिटापर्यंत नुसत्या गप्पा. म्हटलं तेवढ्या काढून टाकू. एडिटमध्ये गेले, पिवळ्या रेषा ओढून त्या सहा मिनिटांवर आणल्या आणि Trim दाबलं. आपल्या डोक्यात ट्रिम म्हणजे छाटणे, म्हणजे निवडलेलं छाटलं जाणार, हो ना? तसं नाहीये. Trim म्हणजे पिवळ्या रेषांमधलं ठेव आणि बाकी सगळं टाक. मधलंच काढायचं असेल तर शेजारचं Delete. मी Trim केलं, Save केलं, आणि एका बैठकीत दहा-बारा फायली उरकायच्या होत्या म्हणून ऐकून न बघता पुढे गेले. चहाच्या गप्पा राहिल्या आणि एक्केचाळीस मिनिटांच्या ओव्या गेल्या.

Save व्हायच्या आधी Cancel करता येतं, नंतर नाही. Recently Deleted मध्ये अख्खी डिलीट केलेली रेकॉर्डिंग्ज सापडतात (सेटिंग बदललं नसेल तर ३० दिवस), पण कापलेला तुकडा तिथे जात नाही, कारण अॅपच्या दृष्टीने फाइल डिलीट झालेलीच नाही, फक्त लहान झालीय. आणि आयक्लाउडने काय केलं, तर ती सहा मिनिटांची फाइल इमानेइतबारे माझ्या आयपॅडवरही नेऊन ठेवली. सिंक म्हणजे आरसा, इथे जे कराल ते तिथे दिसणार, चूकसुद्धा. त्याला बॅकअप समजू नका.

हे माझ्या लक्षात आलं दीड महिन्याने. तोपर्यंत ती शेजारची म्हातारी गेली होती. तिच्या लेकीवरच्या ओव्या त्या एकाच रेकॉर्डिंगमध्ये होत्या.

मग मी गेले फोन दुरुस्तीच्या एका सेंटरला (नाव घेत नाही). काउंटरवरच्या मुलाने फोन हातात न घेताच सांगितलं, मॅडम आयक्लाउड बॅकअप आहे ना, फोन रिसेट करा, जुना बॅकअप टाका, सगळं पहिल्यासारखं येईल. मी दोनदा विचारलं की व्हॉइस मेमो पण येतील ना, तर म्हणे सगळं म्हणजे सगळं. मी विश्वास ठेवला. आता माहितीय ते असं की आयक्लाउडच्या सेटिंगमध्ये व्हॉइस मेमोचं सिंक चालू असेल तर रेकॉर्डिंग्ज आयक्लाउड बॅकअपमध्ये जातच नाहीत, ती आधीच क्लाउडवर आहेत असं धरून बॅकअप त्यांना वगळतो. म्हणजे जुना बॅकअप टाकल्यावर परत खाली आली ती तीच कापलेली सहा मिनिटं. वर आणखी, माझी फुकटची ५ जीबी फोटोंनी भरलेली होती, त्यामुळे मधल्या काळातली अकरा रेकॉर्डिंग्ज वर चढलीच नव्हती, फक्त फोनमध्ये होती. रिसेटने तीही गेली. परत जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं की डेटाची जबाबदारी कस्टमरची, पावतीवर लिहिलंय. लिहिलं होतं खरं. पण सल्ला देणाऱ्याला माहिती नसेल तर माहिती नाही म्हणावं, एवढी अपेक्षा मला आजही चुकीची वाटत नाही. असो, राग निघाला, आता कामाचं.

आधी सगळी मूळ रेकॉर्डिंग अॅपच्या बाहेर काढा. यादीवरचं Edit दाबा, ते कापायचं नाही, फक्त निवडायचं, आणि एका वेळी पंधरा-वीस सिलेक्ट करा, शेअर, Save to Files, नवीन फोल्डर. १४० एकदम करू नका, मध्येच अडकलं तर कुठली गेली कुठली राहिली कळत नाही. बाहेर येतात ती .m4a. तुमचं सेटिंग Compressed असेल तर मिनिटाला साधारण अर्धा एमबी, म्हणजे सरासरी वीस मिनिटं धरली तरी १४० मिळून दीड जीबीच्या आसपास, तेव्हा जागा वाचवायला म्हणून काही उडवायची गरजच नाही. तिथून ड्राइव्हवर चढवून लॅपटॉपवर घ्या आणि फायली मोजा, १४० म्हणजे १४०. दोन-चार उघडून सुरुवात नाही, मधला भाग ऐका. व्हॉट्सअॅपने पाठवणारच असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ऑडिओ म्हणून पाठवलं की नाव हरवतं.

या फोल्डरचं नाव "मूळ". याच्यात कात्री नाही, कधीच नाही, जे काय करायचं ते कॉपीवर. अॅपमध्येच करायचा हट्ट असेल तर आधी Duplicate. (एडिटमध्ये ते Replace चं मोठं बटण असतं त्यापासूनही लांब राहा, ते जुन्या आवाजावर नवीन रेकॉर्ड करतं.)

आता वेगळं करणं. अॅपमध्ये तुकडे करायचं बटण नाही. बारा ओव्या असतील तर बारा वेळा Duplicate आणि बारा वेळा Trim, १४० फायलींना हे माझ्या मते वेड लागायची पाळी. लॅपटॉपवर ऑडॅसिटी घ्या, फुकट आहे, विंडोजवर .m4a उघडायला एफएफएमपेग नावाचं जोडसॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं ते एकदाच. फाइल लावा, ओवी निवडा, Ctrl+B दाबा, खाली लेबल येतं, त्यात नाव टाइप करा, पुढची ओवी. अख्खं रेकॉर्डिंग एकदा ऐकता ऐकता लेबलं पूर्ण होतात, शेवटी एक्स्पोर्टमध्ये मल्टिपल फाइल्स आणि लेबलनुसार निवडलं की प्रत्येक ओवीची वेगळी फाइल, लेबलच्याच नावाने. ओवीच्या दोन्ही बाजूंना एकेक सेकंद सोडा, बायका ओवी उचलायच्या आधी श्वास घेतात, तो कापला की ओवी तुटक वाटते.

काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची भीती नसेल तर हे आणखी चांगलं, कारण आवाज पुन्हा दाबला जात नाही, आहे तसा उचलला जातो :

```
ffmpeg -i R07.m4a -ss 00:04:12 -to 00:06:38 -c copy R07_02.m4a
```

म्हणजे सातव्या रेकॉर्डिंगमधली ४:१२ ते ६:३८ ही दुसरी ओवी.

साफसफाईबद्दल माझं मत जरा कडक आहे. अॅपमधली ती जादूची कांडी (Enhance) किंवा ऑडॅसिटीचं Noise Reduction, दोन्ही पंख्यासारख्या एकसारख्या आवाजाला बरी. ऑडॅसिटीत आधी नुसता पंखा ऐकू येतोय असे दोन-तीन सेकंद निवडून Get Noise Profile, मग सगळं निवडून ६ डीबीपासून सुरुवात, १२ च्या वर मी जात नाही. जास्त केलं की आजी पाण्याखालून गातेय असं वाटतं, तेच ओळखायची खूण, लगेच Undo. कुकरची शिट्टी, कुत्रा, कोंबडा याने जात नाही, ते राहू द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जातं. जात्याची घरघर या सॉफ्टवेअरला कचराच वाटते. मी सुरुवातीला एक फाइल "स्वच्छ" केली आणि आत्याला ऐकवली तर ती म्हणाली, "अगं दळण कुठं गेलं?" ओवीची चाल जात्याच्या फेऱ्यावर चालते, ओळ कुठे ओढायची आणि कुठे थांबायचं ते हात ठरवतो. घरघर काढली की गाणं उरतं, दळण जातं. तुमची आजी खरंच जात्यावर बसून म्हणत असेल तर प्रोफाइल घेताना त्या दोन सेकंदात जातं नाही ना ते नीट ऐका, शंका असेल तर साफ करूच नका.

नावं. अॅपमध्ये जागेप्रमाणे नाव द्यायचं सेटिंग असतं, ते चालू असलं की सगळ्या रेकॉर्डिंगला एकाच रस्त्याचं नाव आणि पुढे आकडा, काही उपयोग नाही. फाइलच्या प्रॉपर्टीमधल्या तारखेवरही जाऊ नका, कॉपी करताना कधीकधी आजची तारीख लागते. मूळ तारीख अॅपमध्ये दिसते, ती आत्ताच नावात घाला. माझं असं असतं :

2019-05-18_belhe_R07_02.m4a

तारीख उलटी म्हणजे आपोआप क्रमाने लागतात, मग गाव, मूळ रेकॉर्डिंगचा नंबर, त्यातली कितवी ओवी. बाकी सगळं नावात कोंबू नका, त्याला एक साधी एक्सेल शीट, एका ओवीला एक ओळ : फाइलचं नाव, म्हणणारी कोण, माहेर-सासर, कुठून कुठपर्यंत, पहिली ओळ देवनागरीत, विषय (भाऊ, लेक, सीता, विठ्ठल, जे असेल ते). हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी हजाराच्या वर गावांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, तिथेही ओवीबरोबर बाई आणि गाव नोंदलेलं आहे, म्हणून आज त्यातलं काही शोधता येतं. नुसता आवाज ठेवला तर दहा वर्षांनी कुणाचा आवाज तेच कळणार नाही.

बॅकअप माझा तीन ठिकाणी आहे. लॅपटॉप, एक हार्ड डिस्क जी फक्त कॉपी करताना जोडते, आणि ड्राइव्हवर अपलोड केलेलं "मूळ" फोल्डर. ड्राइव्हवर अपलोड म्हणतेय, लॅपटॉपशी सिंक होणारं फोल्डर नाही, नाहीतर पुन्हा तोच आरसा. हार्ड डिस्क भावाकडे नाशिकला असते, दिवाळीला येते आणि परत जाते. पेन ड्राइव्हवर वर्षानुवर्षं भरोसा ठेवू नका. शीटची कॉपी प्रत्येक ठिकाणी फायलींबरोबरच.

फोनमधली रेकॉर्डिंग्ज कधी डिलीट करायची असं विचाराल, तर मी करतच नाही. करायचीच असतील तर तिन्ही ठिकाणी ऐकून झाल्यावर.

आणि आजी आहेत असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय. मग बाहेर काढून झालं की कापाकापीच्या आधी त्यांच्याजवळ बसून एकेक फाइल ऐकवा आणि कोण म्हणतंय, कुणाकडून शिकल्या ते शीटमध्ये लिहून घ्या. माझ्या शीटमध्ये चौतीस ओळींपुढे म्हणणारीचा रकाना रिकामा आहे, आत्या मागच्या वर्षी गेली, आता ते आवाज ओळखणारं कुणी नाही.