'सेशन कुकी', 'जेडब्ल्यूटी टोकन' आणि नेमकं काय कुठे असतं

प्रश्न: लॉगिन टिकवण्यासाठी आमच्या गटात एक जण म्हणतो कुकी वापरा, दुसरा म्हणतो सेशन, तिसरा म्हणतो जेडब्ल्यूटी. हे तीन पर्याय आहेत की एकाच गोष्टीची तीन नावं? आणि 'सेशन कुकी' म्हटलं की दोन्ही आलं का?

उत्तर: पर्याय दोनच आहेत, सेशन आणि जेडब्ल्यूटी. कुकी हे वाहन आहे, त्यात यांतलं काहीही बसवता येतं. म्हणजे हा वाद 'पत्र लिहू, तार करू की पोस्टमन वापरू' अशा थाटाचा झाला.

एचटीटीपीला स्मरण नाही. दर विनंतीला सर्व्हरच्या लेखी तुम्ही नवखेच असता. १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी यावर तोड काढली: सर्व्हरने ब्राउझरला एक चिठ्ठी द्यायची आणि ब्राउझरने ती पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत आपणहून परत पाठवायची. नाव युनिक्सवाल्यांच्या 'मॅजिक कुकी'वरून आलं. तिथेही अर्थ तोच होता: घेणाऱ्याला न कळणारी, पण जशीच्या तशी परत करायची खूण.

```
Set-Cookie: sid=7f3a9c; HttpOnly; Secure; SameSite=Lax
```

आता या `sid`मध्ये काय आहे? काहीच नाही. तो नुसता क्रमांक आहे (खरा याहून बराच लांब आणि यादृच्छिक असतो). त्या क्रमांकापुढे कोण, कोणत्या अधिकाराने, केव्हापासून, हे सर्व्हर आपल्या वहीत लिहून ठेवतो. ती वहीतली नोंद म्हणजे सेशन. 'सत्र' हा प्रतिशब्द मला चालतो, पण सत्र म्हटलं की कालावधी डोळ्यांसमोर येतो. इथे महत्त्व कालावधीपेक्षा नोंदीला आहे.

'सेशन कुकी'चा घोळ मात्र खरा आहे, कारण हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक, सेशनचा क्रमांक वाहणारी कुकी. दोन, `Expires` किंवा `Max-Age` न दिलेली, म्हणून ब्राउझर बंद झाल्यावर पुसली जाणारी कुकी. पहिल्या अर्थाची कुकी दुसऱ्या अर्थाची असेलच असं नाही. 'मला लक्षात ठेवा'वर टिचकी मारली की बहुधा नसतेच. चर्चेत मी पहिलीला 'सेशनची कुकी' आणि दुसरीला 'तात्पुरती कुकी' म्हणतो. निम्मं भांडण तिथेच मिटतं.

जेडब्ल्यूटीत, म्हणजे 'जेसन वेब टोकन'मध्ये, उलटा मामला आहे. वही नाही, मजकूरच चिठ्ठीत:

```
{"sub":"42","role":"editor","exp":1767265200}
```

याच्या आधी एक छोटा शीर्षभाग आणि शेवटी सही असे टिंबांनी जोडलेले तीन भाग होतात. `eyJ`ने सुरू होणारी लांबलचक अक्षरमाळ दिसली की बहुधा हेच. ती कूटबद्ध वाटते, पण नेहमीच्या रूपात नसते. कुणीही उलगडून वाचू शकतो. सही फक्त एवढंच सांगते की मजकुरात कुणी हात घातलेला नाही. इथे मराठीत एक नेमका शब्द आहे: मोर्तब. जुन्या कागदांवर मजकूर संपला की मोर्तब उठवत, म्हणजे पुढे कुणाला ओळ घुसडता येऊ नये. कागद गुप्त राहावा, हा तिचा हेतू नव्हे.

जेडब्ल्यूटीतला शेवटचा 'टी' टोकनचाच, तेव्हा 'जेडब्ल्यूटी टोकन' म्हणजे पिवळा पीतांबर. २०१५च्या आरएफसी ७५१९ मध्ये उच्चार 'जॉट' असा सुचवला आहे, पण 'जेडब्ल्यूटी' म्हणणारेच मला जास्त भेटतात.

खरा फरक कळतो तो काढून टाकताना. समजा, १० वाजता कुणी लॉगिन केलं आणि १० वाजून १० मिनिटांनी तुम्ही त्याचा संपादकाचा अधिकार काढला. सेशन असेल तर वहीतली नोंद बदला किंवा खोडा. त्याची पुढची विनंती थेट अडते. तासाभराचं जेडब्ल्यूटी असेल, तर डेटाबेसमध्ये अधिकार गेला तरी त्याच्या चिठ्ठीत `editor` आहे, सहीही खरी आहे, आणि सर्व्हर वही बघतच नाही. ११ वाजेपर्यंत तो संपादक! 'लॉगआउट'चंही तेच. ब्राउझरमधली प्रत पुसली जाते, पण आधी कुणी चोरलेली प्रत मुदतीपर्यंत चालते. तपासायचं असेल तर लॉगआउटपूर्वी टोकन उतरवून ठेवा आणि नंतर त्याच टोकनाने विनंती करून पाहा. 401 ऐवजी 200 आलं, की समजायचं.

उपाय दोन. एक म्हणजे मुदत पंधरा-वीस मिनिटांवर आणायची आणि नव्या टोकनासाठी वेगळं रिफ्रेश टोकन ठेवायचं. ते सहसा वहीत नोंदवतात. दुसरा उपाय, रद्द टोकनांची यादी ठेवून दर विनंतीला ती तपासायची. दोन्हीकडे वही मागच्या दाराने परत आलीच. म्हणून एकच सर्व्हर आणि एकच डेटाबेस असताना कुणी 'जेडब्ल्यूटी आधुनिक आहे' म्हणून आग्रह धरला, तर मी सेशनच्या बाजूने बोलतो. एकाने दिलेली चिठ्ठी दहा वेगळ्या सेवांना, मूळ सेवेला न विचारता पडताळायची असेल, तिथे जेडब्ल्यूटी शोभतं. आणि तिथेही ते कुकीतून पाठवायला कुणाची हरकत नसते.