जांभळ्या शिक्क्याखालची अक्षरं: वाचकांचे प्रश्न

१९९१ साली मच्छीमार सोसायटीकडून वडिलांना आलेलं एक छापील पत्र आहे. शेवटच्या तीन ओळींवर गोल जांभळा शिक्का बसलाय, नेमकी रकमेची ओळ झाकली गेलीय. शिक्का काढून खालचं वाचता येईल का? स्कॅन सोबत पाठवतोय. – देवगड

येईल, आणि तुमच्या पत्रात तर आलंही. आधी असं का होतं ते सांगतो, कारण ते कळलं की बाकीचं सोपं आहे.

लहानपणी आकाशकंदिलाचा लाल जिलेटिन कागद डोळ्यांवर धरून पत्रिकेकडे पाहिलं असेल, तर आठवेल: लाल कुंकवाचं बोट दिसेनासं व्हायचं आणि काळी अक्षरं मात्र तशीच राहायची. स्कॅनर प्रत्येक ठिपक्याचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत साठवतो, ० म्हणजे काळोख आणि २५५ म्हणजे पूर्ण उजेड. यातला एकच आकडा, म्हणजे एकच चॅनल, घेऊन पाहणं म्हणजे त्या रंगाचा जिलेटिन डोळ्यांवर धरणं. शिक्क्याच्या जांभळ्या शाईतून निळा उजेड बऱ्यापैकी पार होतो, छपाईची काळी शाई मात्र तिन्ही रंग गिळते. म्हणून शिक्का ज्या रंगाचा, त्याच रंगाचा चॅनल निवडायचा. बहुतेक जण उलट करतात: जांभळा शिक्का घालवायला हिरवा चॅनल उघडतात आणि शिक्का आणखी काळा होऊन समोर येतो.

तुमच्या स्कॅनमध्ये मी ठिपके मोजले. निळ्या चॅनलमध्ये कोरा कागद साधारण १९८, कागदावरचा शिक्का १६५, छापील अक्षर ४०, आणि शिक्क्याखालचं अक्षर ३६. शिक्का आणि कागद यांत जेमतेम ३३ चं अंतर आहे, शिक्का आणि अक्षर यांत सव्वाशेच्या वर. हिरव्या चॅनलमध्ये तोच शिक्का ८५ वर उतरला होता.

जिंप या चित्रं दुरुस्त करायच्या प्रोग्रॅममध्ये Colors → Components → Decompose उघडून RGB निवडलं की तीन थर वेगळे होतात. निळा ठेवायचा. मग Colors → Levels मध्ये काळं टोक ६० वर आणि पांढरं टोक १५० वर आणलं. १५० च्या वरचं सगळं पांढरं झालं, म्हणजे कागदही आणि शिक्काही. ओळी उघड्या पडल्या.

एका जागी मात्र अडलं. शिक्का मारणाऱ्याने डावीकडे खाली जोर दिला होता. तिथल्या कडेवर शाई दाट होती आणि आकडा ११८ पर्यंत घसरला होता, त्यामुळे एक राखाडी कमान उरली. नेमकी ती रकमेच्या पहिल्या आकड्यावर. तेवढाच तुकडा निवडून पांढरं टोक ११५ वर नेलं. कमान गेली, पण आकडाही सडपातळ झाला: १ की ९, कळेना. रु. १,४५० आणि रु. ९,४५० यांत बराच फरक आहे, अंदाजाने ठरवायची गोष्ट नाही.

सुदैवाने पत्राच्या माथ्यावर तारखेत १९९१ छापलंय, म्हणजे त्याच छापखान्याच्या त्याच मापाच्या खिळ्यातले १ आणि ९ दोन्ही हाताशी होते. दोन्हींची प्रत काढली, अपारदर्शकता निम्मी केली आणि आळीपाळीने अडलेल्या आकड्यावर ठेवून पाहिली. १ ची गाठ आणि खाली वळणारी शेपटी बरोबर जुळली. ९ ठेवला तेव्हा त्याचा वळसा रिकाम्या कागदावर पडत होता. रक्कम रु. १,४५० आहे.

ही युक्ती पूर्ण पानावर वापरू नका. Levels असे आवळले की अक्षरांच्या कडा झिजतात, आणि पहिला बळी जातो तो अनुस्वार आणि वेलांटीचं टोक. मूळ रंगीत पान खाली ठेवा, निळ्या चॅनलची साफ केलेली प्रत वर ठेवा आणि मास्क लावून ती फक्त शिक्क्याच्या वर्तुळापुरती दिसू द्या. मास्कची कड दोन-तीन ठिपके मऊ केली की सांधा दिसत नाही.

मोबाइलवरच्या स्कॅनर ॲपने काढलेलं काळं-पांढरं पान भावाने व्हॉट्सॲपवर पाठवलंय. त्यातून होईल? – हर्णै

नाही. ज्या रंगाच्या जोरावर शिक्का वेगळा करायचा तो रंगच टाकून दिलाय.

भावाला रंगीत फोटो पाठवायला सांगितलात तरी तो व्हॉट्सॲपवरून साध्या फोटोसारखा नको. तिथे फोटो जेपीजीमध्ये आणखी दाबला जातो, आणि जेपीजी करताना बहुधा उजेड-अंधार ठिपक्या-ठिपक्याचा ठेवतात, पण रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकच ठेवतात. डोळ्याला ते कळत नाही. चॅनल वेगळे केले की कळतं: शिक्क्याची जांभळी छटा शेजारच्या अक्षरात पाझरलेली दिसते आणि प्रत्येक काना धुरकट होतो.

मूळ कागद भावाजवळ असेल तर फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआय, २४ बिट रंगीत, टिफ किंवा पीएनजीमध्ये स्कॅन करून ईमेलने मागवा. चार सेंटिमीटरचा शिक्का त्यात साडेनऊशे ठिपके रुंद येतो, २०० डीपीआयला जेमतेम तीनशे पंधरा. स्कॅनरची ‘मजकूर ठळक करा’, ‘रंग सुधारा’ असली स्वयंचलित सोय बंद ठेवायची. कागद पातळ असेल तर पाठीवर काळा कागद ठेवून स्कॅन करा, मागच्या बाजूचा मजकूर पुढे डोकावणार नाही.

पत्र दोन पावसाळे भिंतीच्या कपाटात होतं. कागदावर तपकिरी डाग आहेत आणि शिक्का पसरलाय. निळ्या चॅनलमध्ये शिक्का फिका झाला, पण डाग काळेकुट्ट झाले. – वेंगुर्ला

पिवळा-तपकिरी रंग निळा उजेड गिळतो, म्हणून हे होणारच. तुमच्याकडे दोन शत्रू आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला पोसतंय.

आधी डाग सपाट करा. निळ्या चॅनलची प्रत काढून तिच्यावर Filters → Blur → Median Blur लावा, त्रिज्या ४० ठिपके किंवा जास्त. अक्षरं आणि शिक्क्याच्या बारीक रेघा त्यात विरून जातात आणि फक्त डागाळलेल्या कागदाचा उतार-चढाव उरतो. ही प्रत वरच्या थरावर ठेवून थराचा मोड Divide करा. खालचं पान स्वतःच्याच पार्श्वभूमीने भागलं जातं आणि डागातला कागदही पांढऱ्याच्या जवळ येतो. दोन्ही थर एक करून मग Levels. फिल्टरनंतर अक्षरांची भुतं दिसली तर त्रिज्या वाढवायची.

पसरलेल्या शिक्क्याची भीती नको. ही शाई पाण्यात विरघळते, म्हणून दमटपणात ती धाग्या-धाग्याने सरकते. पसरताना ती पातळही होते, आणि पातळ शाई निळ्या चॅनलमध्ये आणखी सहज नाहीशी होते. छपाईची शाई तेलातली, ती जागची हलत नाही. पण असे आणखी कागद असतील तर मिरग लागायच्या आत स्कॅन करून घ्या.

आमच्या पत्रावरचा शिक्काच काळा आहे, आणि दोन शब्द त्याखाली पूर्ण गेलेत. – गुहागर

इथे चॅनल कामाचे नाहीत, काळ्यातून काळं रंगाने वेगळं होत नाही. पण कागद खिळ्यांच्या छपाईचा किंवा टाइप केलेला असेल, तर अक्षराने कागदाला दाबलेलं असतं. अंधाऱ्या खोलीत विजेरी कागदाला जवळजवळ आडवी धरा आणि फोटो काढा. पाठीमागूनही काढा आणि आरशासारखा उलटवा. रबरी शिक्का असा खड्डा पाडत नाही. लेझर प्रिंट असेल तर ही वाट बंद.

त्यानेही दिसलं नाही, तर पुढचं काम वाचन नाही, तर्क आहे. त्याच पानावरून तीच अक्षरं उचलून, शिरोरेषा जुळवून बसवता येतात, आणि दिसतातही खरी. माझी भीती तीच आहे. देवनागरीत व आणि ब, ष आणि प यांत एका तिरक्या रेघेचा फरक. ध आणि घ यांत शिरोरेषेतल्या फटीचा. शब्द ‘महाराष्ट्र’सारखा असेल आणि दोन अक्षरं दिसत असतील तर बसवा. माणसाचं नाव, गट नंबर किंवा रक्कम असेल तर जागा मोकळी सोडा. जे बसवाल ते वेगळ्या थरावर, फिक्या करड्या रंगात ठेवा.

सोसायटीची अशीच चाळीसेक पत्रं आहेत, सगळ्यांवर तोच शिक्का. प्रत्येक हाताने करायचं? – मालवण

पहिली पाहणी एका आज्ञेत होते. संगणकावर इमेजमॅजिक ७ असेल तर एका पत्रासाठी:

```
magick patra.png -channel B -separate +channel -level 24%,59% nila.png
```

२४ आणि ५९ टक्के म्हणजे वरचेच ६० आणि १५०. एवढ्यात बहुतेक पत्रं वाचण्याजोगी होतील. उरतील ती हाताने. आज्ञेतून आलेली फाइल वाचायला ठेवा, जपायला मूळ रंगीत स्कॅन.

जमिनीच्या जुन्या कागदावर ‘रद्द’ असा गोल शिक्का आहे. तो काढून स्वच्छ प्रत हवी, बँकेत द्यायचीय. फी सांगा. – राजापूरजवळून

हे मी करणार नाही, आणि दुसऱ्या कुणाकडूनही करून घेऊ नका. देवगडच्या पत्रात शिक्का मजकुराच्या आड येत होता. तुमच्या कागदात शिक्का हाच मजकूर आहे. तो पुसून कागद पुढे करणं म्हणजे खोटा दस्तऐवज वापरणं. खालची ओळ फक्त वाचायची असेल तर निळ्या चॅनलची प्रत मूळ रंगीत प्रतीच्या शेजारी, एकाच पानावर छापून देईन, म्हणजे शिक्काही दिसेल आणि ओळही. बँकेला हवी असते ती तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयाची नक्कल. तिच्यासाठी अर्ज तिथेच करायचा.