नो कॉस्ट हप्त्यांमागचा खरा व्याजदर कसा काढायचा

प्रश्न: चवथीपूर्वी फ्रिज घ्यायचा आहे. म्हापशातल्या दुकानात 48,000 किंमत लावलीय. 4,000 चे 12 हप्ते, व्याज शून्य, प्रोसेसिंग फी 600 अधिक जीएसटी. रोख दिले तर 45,000 ला देतो म्हणतात. मग हे खरंच बिनव्याजी आहे का? असलं तर किती टक्के?

उत्तर:

बिनव्याजी नाही. तुमच्या आकड्यांवर वार्षिक दर साधारण 15.1 टक्के पडतो. तो कसा निघतो ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या दुकानात आकडे बदलले तरी तुम्हाला स्वतः काढता येईल.

आधी 48,000 हा आकडा बाजूला ठेवा. ती फ्रिजची किंमत नाही, हप्त्यांची बेरीज आहे. फ्रिजची किंमत म्हणजे आज पूर्ण पैसे देऊन तो ज्या भावाला घरी येतो ती, म्हणजे 45,000. स्टिकरवरच्या एमआरपीचा इथे काहीच संबंध नाही. हप्ते घेतले की 3,000 ची सूट सोडावी लागते, आणि तेच तुमचं व्याज. ते दुकानदाराने घेतलं, कंपनीने दिलं की फायनान्सवाल्याकडे गेलं, यावरून तुमच्या खिशातून जाणारी रक्कम बदलत नाही.

त्यात फी मिळवा. 600 वर 18 टक्के जीएसटी 108, म्हणजे 708. ती पहिल्याच दिवशी जाते, म्हणून ती कर्जातून वजा धरायची. हातात खरोखर पडलेलं कर्ज 45,000 वजा 708, म्हणजे 44,292. परत करायचे 4,000 चे 12 हप्ते, पहिला एका महिन्याने. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये हे एका ओळीत निघतं:

```
=RATE(12,-4000,44292)*12
```

उत्तर 0.151 येईल, म्हणजे 15.1 टक्के. हप्त्यापुढचं उणे चिन्ह विसरलात तर आकड्याऐवजी `#NUM!` दिसेल. शेवटचा `*12` राहिला तर 1.26 टक्के दिसेल, आणि तो महिन्याचा दर असतो. दर महिन्याचं व्याज चक्रवाढीने धरलं तर वर्षाला 16.2 टक्के होतात. बँकांच्या जाहिरातीतल्या दराशी तुलना करायची तर मात्र 15.1 च घ्या.

फी नसती तर हाच दर 12.1 टक्के असता. 708 रुपये किरकोळ वाटतात, पण त्यांनी दर तीन टक्क्यांनी वर नेला.

दुकानात उभं राहून बरेच जण वेगळा हिशेब करतात: 45,000 वर 3,000 जास्त, म्हणजे पावणेसात टक्के, चालेल की. इथेच फसगत होते. पूर्ण 45,000 तुमच्याकडे वर्षभर राहत नाहीत. पहिल्या महिन्यानंतर 4,000 परत गेले, सहाव्या हप्त्यापर्यंत जवळपास निम्मे गेले. सरासरी काढली तर अर्ध्याहून थोडं जास्त कर्ज वर्षभर वापरलं, म्हणून दर जवळपास दुप्पट. संगणक नसेल तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर असं करा: जास्तीचे एकूण रुपये गुणिले 24, भागिले कर्जाची रक्कम, भागिले हप्त्यांच्या संख्येत एक मिळवून येणारा आकडा. तुमच्यासाठी 3,708 गुणिले 24, भागिले 44,292, भागिले 13. येतात साडेपंधरा टक्के. खऱ्या दरापेक्षा थोडं वर, पण काउंटरवर निर्णय घ्यायला पुरेसं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, कारण चवथीच्या स्कीममध्ये ती हमखास असते: ॲडव्हान्स हप्ते. "12 बाय 1" म्हणजे 12 पैकी एक हप्ता डिलिव्हरीलाच. हप्ता तोच, बेरीज तीच, म्हणून कोणाला फरक जाणवत नाही. पण तो पहिला हप्ता तुम्ही कर्ज म्हणून वापरलाच नाही. कर्ज उरतं 40,292 आणि हप्ते 11:

```
=RATE(11,-4000,40292)*12
```

दर जवळपास 18 टक्के. "12 बाय 3" असेल तर 12,000 आधीच दिले, कर्ज 32,292, हप्ते 9, आणि दर 26.8 टक्क्यांवर जातो. त्यामुळे दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा: पहिला हप्ता आज की पुढच्या महिन्यात?

क्रेडिट कार्डावरचा प्रकार थोडा वेगळा. तिथे बँक व्याज लावतेच, फक्त तेवढी रक्कम किमतीतून आधी कमी केलेली असते. पण त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो आणि तो तुमच्याच माथी. 16 टक्के दराने 4,000 चे 12 हप्ते असतील तर आतलं व्याज 3,914 आणि त्यावरचा जीएसटी सुमारे 704. स्टेटमेंटवर पहिल्या महिन्यात 4,000 ऐवजी 4,106 दिसतात, शेवटच्या महिन्यात 4,009 च्या आसपास. हे 704 जास्तीच्या रुपयांत धरायचे.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा किरकोळ कर्जांना मुख्य तथ्य पत्रक द्यावं लागतं, त्यात फीसकट वार्षिक दर असतो. ते मागून घ्या, पण क्रेडिट कार्डाच्या रकमा त्या नियमातून वगळलेल्या आहेत. आणि दुकानात सोडलेली 3,000 ची सूट त्या पत्रकात कधीच येणार नाही, ती तुम्हालाच हिशेबात धरावी लागते.

म्हणून रोख भाव कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. हप्त्यांचा विषय काढण्यापूर्वी विचारा: "आज यूपीआयने पूर्ण पैसे दिले, जीएसटी बिलासकट, तर शेवटचा भाव किती?" बिलाविना सांगितलेला भाव धरू नका, वॉरंटीला बिल लागतं. म्हापशात जो आकडा मिळेल तो पणजी किंवा मडगावात एकदा ताडून पाहा. एक्सचेंजचे पैसे दोन्हीकडे सारखे मिळत असतील तर हिशेबात घेऊ नका. स्टॅबिलायझर फक्त हप्त्यांवर फुकट असेल, आणि तो तुम्ही एरवी विकत घेणार असाल, तरच त्याची बाजारातली किंमत जास्तीच्या रुपयांतून वजा करा.

रोखीलाही 48,000 च सांगत असतील आणि दुसरीकडेही त्याहून कमी मिळत नसेल, तर चित्र पालटतं. तेव्हा खर्च फक्त 708 ची फी, दर पावणेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि हप्ते बिनधास्त घ्या.

या दोन टोकांमध्ये सीमा कुठे, तेही काढता येतं. समजा पैसे तुमच्याकडे आहेत आणि एफडीवर 7 टक्के मिळतात:

```
=PV(0.07/12,12,-4000)+708
```

येतात 46,936. फीसकट हप्त्यांची आजची किंमत एवढी. रोख भाव याच्या खाली आला तर रोख द्या, वर असला तर हप्ते घ्या. म्हणजे सूट साधारण 1,060 च्या पुढे गेली की रोख बरी, आणि तुम्हाला 3,000 मिळतायत. पैसे हाताशी नसतील तर 7 च्या जागी पतसंस्था किंवा बँक ज्या दराने कर्ज देते तो दर घाला. तिथलं कर्ज फी धरून 15 टक्क्यांच्या आत मिळत असेल तर ते घेऊन दुकानात 45,000 रोख देणं स्वस्त पडेल.